मिहानचा नफा, दुबईचा पगार: जीडीपी, जीएनपी आणि खर्चयोग्य उत्पन्नाची वाट

बारावी कॉमर्स, बी.कॉम. किंवा एमपीएससी, कुठलाही अभ्यासक्रम घ्या, राष्ट्रीय उत्पन्नाच्या प्रकरणात मुलं व्याख्या घडाघडा म्हणतात आणि उदाहरण आलं की अडतात. गेली काही वर्षं मी नागपुरात बर्डीजवळच्या एका अभ्यासिकेत संध्याकाळी मुलांच्या शंका सोडवतो, आणि मला येणाऱ्या शंकांपैकी निम्म्या तरी एकाच जागी घोटाळतात: पैसा परदेशातून आला किंवा परदेशी गेला, तर तो नेमका कुठल्या ओळीत लिहायचा? ती ओळ चुकली की पुढे खर्चयोग्य उत्पन्नापर्यंतचं सगळंच गणित घसरतं. म्हणून हा लेख तेवढ्याच वाटेवर चालतो. वाढीचा दर, आधारवर्ष, महागाई वजा करून काढलेले आकडे हे सगळं महत्त्वाचं आहे, पण इथे नाही.

हाताशी काय हवं

- उभे रकाने आखलेला कोरा कागद आणि साधं कॅल्क्युलेटर
- तुमच्या पाठ्यपुस्तकातली सूत्रांची यादी. सूत्रं पाठ करायला नकोत, पडताळायला हवीत.
- घरातल्या कोणाची तरी पगाराची पावती (सातव्या पायरीला लागेल)
- मोबाइलवर दोन तक्ते: राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाचं राष्ट्रीय उत्पन्नावरचं प्रसिद्धीपत्रक आणि रिझर्व्ह बँकेचा व्यवहारतोलाचा तक्ता

## 1. आधी जागा बघा, मालक नंतर

स्थूल देशांतर्गत उत्पादन, म्हणजे जीडीपी, एकच प्रश्न विचारतं: उत्पादन कुठे झालं? देशाच्या आर्थिक सीमेत एका वर्षात तयार झालेल्या सगळ्या अंतिम वस्तू आणि सेवांची किंमत म्हणजे जीडीपी. कारखान्याचा मालक जपानी असो, जर्मन असो की इतवारीतला असो, काही फरक पडत नाही.

आर्थिक सीमा नकाशावरच्या सीमेशी जवळपास जुळते, पण अगदी तंतोतंत नाही. दिल्लीतला अमेरिकेचा दूतावास आपल्या आर्थिक सीमेबाहेर धरतात आणि वॉशिंग्टनमधला आपला दूतावास आत धरतात. त्यामुळे दिल्लीच्या अमेरिकी दूतावासात कारकून असलेल्या भारतीयाचा पगार भारताच्या जीडीपीत येत नाही. तो परदेशातून मिळालेलं घटक उत्पन्न, म्हणजे श्रम किंवा भांडवलाच्या बदल्यात बाहेरून आलेली कमाई, म्हणून नंतर जोडला जातो. परीक्षकांचा हा आवडता प्रश्न आहे आणि त्यात युक्ती एवढीच.

इथेच आणखी एक गल्लत होते. काटोल-नरखेडची संत्री बांगलादेशात गेली आणि पैसे आले, तर ते 'परदेशातलं उत्पन्न' म्हणून अनेकजण वेगळे काढतात. तसं करू नका. संत्री इथे पिकली, म्हणून ती निर्यात आहे आणि निर्यात जीडीपीतच मोजली जाते. त्रिमूर्तीनगरात घरी बसून अमेरिकेतल्या ग्राहकाला बिल पाठवणाऱ्या स्वतंत्र व्यावसायिक डिझायनरचंही तसंच. काम इथे झालं, सेवा निर्यात झाली, रक्कम जीडीपीत गेली. डॉलर दिसला की घटक उत्पन्न, असं समीकरण डोक्यातून काढून टाका.

## 2. 'निवासी' ठरवा, पासपोर्ट नव्हे

स्थूल राष्ट्रीय उत्पादन, म्हणजे जीएनपी, दुसरा प्रश्न विचारतं: कमावलं कोणी? उत्तर 'भारतीयांनी' असं नसून 'भारताच्या निवासींनी' असं आहे. या एका शब्दावर बरेच गुण जातात.

निवासी म्हणजे ज्याचा आर्थिक व्यवहार मुख्यतः या देशात आहे तो. व्यवहारात मोजपट्टी एक वर्षाची: एक वर्ष किंवा त्याहून जास्त काळ राहिला किंवा राहण्याचा इरादा असला, तर तो त्या देशाचा निवासी. नागरिकत्वाचा इथे संबंध नाही. दोन अपवाद मात्र लक्षात ठेवा. शिकायला गेलेला विद्यार्थी आणि उपचाराला गेलेला रुग्ण कितीही काळ बाहेर राहिले तरी मायदेशाचेच निवासी मानले जातात.

नागपूरचीच दोन माणसं घेऊ. एकजण मस्कतला पाच महिन्यांच्या प्रकल्पावर वेल्डर म्हणून गेला आणि परत आला. तो भारताचा निवासीच राहिला, म्हणून त्याचा तिथला पूर्ण पगार भारतासाठी परदेशातून मिळालेलं घटक उत्पन्न आहे. दुसरा दुबईत तीन वर्षांपासून नोकरीला आहे. पासपोर्ट भारतीय, मतदारयादीत नाव इथलं, आई-बाबा मानेवाड्यात. तरी हिशोबापुरता तो संयुक्त अरब अमिरातीचा निवासी झाला. त्याचा पगार भारताच्या जीएनपीत येणार नाही. तो घरी जे पैसे पाठवतो त्यांचं काय, हे चौथ्या पायरीत येईल. तोवर ते कुठेही जोडू नका.

## 3. एक कंपनी पूर्ण सोडवून बघा

व्याख्या कागदावर उतरवल्याशिवाय मुरत नाहीत. समजा नागपूरच्या मिहान औद्योगिक क्षेत्रात एक कंपनी आहे, विमानांच्या सुट्या भागांची दुरुस्ती करणारी, आणि तिची शंभर टक्के मालकी परदेशी आहे. कंपनी काल्पनिक, आकडेही मी घातलेले, सगळे कोटी रुपयांत.

वर्षाची विक्री 100. बाहेरून घेतलेला कच्चा माल, वीज, सेवा मिळून 40. म्हणजे कंपनीने स्वतः घातलेली भर, म्हणजेच मूल्यवृद्धी, 60. जीडीपीत ही कंपनी 100 नव्हे, 60 घालते. उरलेले 40 ज्यांनी माल दिला त्यांच्या खात्यात आधीच मोजले गेलेत.

आता हे 60 कुणाकुणाच्या वाट्याला गेले ते बघा:

- पगार 25. त्यातला 1 कोटी एका परदेशी अभियंत्याला, जो चार महिन्यांसाठी आला होता.
- घसारा 8
- अप्रत्यक्ष कर 2
- इथल्या बँकेला व्याज 5
- नफा 20. त्यातून भारत सरकारला कंपनी कर 5. उरलेल्या 15 पैकी 9 लाभांश म्हणून मूळ कंपनीला पाठवले आणि 6 इथेच नव्या यंत्रात गुंतवले.

बेरीज करून बघा: 25, 8, 2, 5 आणि 20 मिळून 60. बेरीज जुळली नाही तर पुढे जाऊ नका, चूक इथेच सापडते.

आता जीएनपी. परदेशी गेलेलं घटक उत्पन्न किती? बहुतेकजण 9 अधिक 1, म्हणजे 10 असं उत्तर देतात, कारण प्रत्यक्ष पैसा तेवढाच बाहेर गेला. बरोबर उत्तर 16 आहे. अभियंत्याचे 1, लाभांशाचे 9 आणि इथेच ठेवलेले 6 सुद्धा. थेट परदेशी गुंतवणुकीत कंपनीत राखून ठेवलेला नफा मालकाचीच कमाई मानतात: आधी तो मालकाला मिळाला असं धरून घटक उत्पन्नाच्या बाजूला बाहेर लिहितात आणि मग मालकाने तो नव्याने गुंतवला असं धरून भांडवली बाजूला आत लिहितात. रिझर्व्ह बँकेच्या व्यवहारतोलात पुनर्गुंतवणुकीची कमाई याच रीतीने दिसते. रुपया नागपूरच्या बाहेर पडला नाही, तरी तो आपला नाही.

तर या कंपनीपुरती जीडीपी 60, जीएनपी 44. उलट्या बाजूने पडताळा: निवासींचा पगार 24, घसारा 8, अप्रत्यक्ष कर 2, बँकेचं व्याज 5, सरकारला गेलेला कंपनी कर 5. एकूण 44. कंपनी कर बाहेर जात नाही, म्हणून परदेशी मालकाचा नफा करानंतरचा धरायचा. इथे 20 वजा करणारे बरेच असतात आणि पडताळा न केल्यामुळे त्यांना ते कळतच नाही.

पडताळ्याची ही सवय मी मुद्दाम लावून घेतो. वरून खाली जाऊन 60 वजा 16 करा, आणि खालून वर येऊन निवासींच्या वाट्याची बेरीज करा. दोन्हीकडून एकच आकडा आला पाहिजे.

## 4. कमाई वेगळी, पाठवणी वेगळी

परदेशातून मिळणारं निव्वळ घटक उत्पन्न, म्हणजे बाहेरून आलेलं घटक उत्पन्न वजा बाहेर गेलेलं घटक उत्पन्न. 'घटक' म्हणजे उत्पादनाचे घटक: श्रम, भांडवल, जमीन, उद्योजकता. म्हणून यात फक्त पगार, व्याज, लाभांश, भाडं आणि नफा येतात. ज्याच्या बदल्यात काही दिलं गेलं तेच.

दुबईच्या मुलाने आईला महिन्याला पैसे पाठवले, तर आईने त्या बदल्यात दुबईला काय दिलं? काहीच नाही. म्हणून ते हस्तांतरण. कमाई दुबईत झाली, ती त्या देशाच्या निवासीची, तिथल्या हिशोबात बसली. इथे आला तो फक्त पैसा.

म्हणजे मस्कतच्या पाच महिन्यांच्या वेल्डरचा पगार भारताचं घटक उत्पन्न आणि तीन वर्षांच्या दुबईकराची पाठवणी भारतासाठी हस्तांतरण. दोघांनीही आखातातून रुपयेच आणले, दोघेही नागपूरचेच, पण ओळी वेगळ्या. या जोडीवर एकदा स्वस्थ बसून विचार करा, बाकीची उदाहरणं आपोआप सुटतील.

रिझर्व्ह बँकेच्या तक्त्यात हे दोन प्रकार 'प्राथमिक उत्पन्न' आणि 'दुय्यम उत्पन्न' अशा दोन वेगळ्या मथळ्यांखाली असतात. पहिल्यात पगार आणि गुंतवणुकीवरचं उत्पन्न, दुसऱ्यात अनिवासींची पाठवणी. 2023-24 मध्ये अनिवासींकडून भारतात आलेली पाठवणी सुमारे 119 अब्ज डॉलर होती. त्याच वर्षी प्राथमिक उत्पन्नाच्या खात्यात मात्र आपल्याला तूट होती, पन्नास अब्ज डॉलरच्या आसपास. एवढी मोठी पाठवणी असताना भारताचं निव्वळ घटक उत्पन्न उणे कसं, असं मुलं विचारतात. ती त्या खात्यात नाहीच, हे त्याचं उत्तर.

## 5. चिन्ह सांभाळा

सूत्र साधं आहे:

जीएनपी = जीडीपी + परदेशातून मिळणारं निव्वळ घटक उत्पन्न

अधिकचं चिन्ह सूत्रात कायम असतं, आकडा उणे असू शकतो. प्रश्नात 'परदेशाला दिलेलं निव्वळ घटक उत्पन्न 12' असं लिहिलं असेल, तर तुमच्या सूत्रात उणे 12 घालायचे. 'परदेशातून' आणि 'परदेशाला' या दोन शब्दांत पेपर काढणारे मुद्दाम खेळतात, म्हणून प्रश्न वाचताना तेवढ्या शब्दाखाली रेघ मारायची.

भारताचा आकडा कित्येक वर्षं उणेच येतो आहे, कारण परदेशी गुंतवणूकदारांचे व्याज, लाभांश आणि राखलेला नफा आपल्या बाहेरच्या कमाईपेक्षा जास्त आहेत. त्यामुळे आपला जीएनपी जीडीपीपेक्षा साधारण एक ते दीड टक्क्याने कमी भरतो. फरक लहान, म्हणून रोजच्या बातम्यांत कोणी त्याची फिकीर करत नाही.

पण तो कुठवर जाऊ शकतो हे बघायचं तर आयर्लंड बघा. बहुराष्ट्रीय कंपन्यांनी तिथे आपल्या बौद्धिक संपदेची मालमत्ता हलवली आणि 2015 चा त्या देशाचा जीडीपी पहिल्या अंदाजात तब्बल 26 टक्क्यांनी वाढलेला दिसला. लोकांचे पगार तर तेवढे वाढले नव्हते. शेवटी तिथल्या सांख्यिकी कार्यालयाने 2017 पासून राष्ट्रीय उत्पन्नाचं एक सुधारित माप वेगळं द्यायला सुरुवात केली. कोणी विचारलंच की जीडीपी असताना जीएनपी कशाला, तर मी हेच उदाहरण देतो.

एक बारीक गोष्ट. 1993 च्या आंतरराष्ट्रीय लेखापद्धतीपासून जीएनपीला 'स्थूल राष्ट्रीय उत्पन्न', म्हणजे जीएनआय, म्हणतात. सरकारी पत्रकात जीएनपी शोधत बसू नका, जीएनआयची ओळ बघा. पाठ्यपुस्तकांत जुनं नाव टिकून आहे आणि परीक्षेत दोन्ही चालतात.

## 6. घसारा आणि अप्रत्यक्ष कर पटकन आटपा

ही पायरी यांत्रिक आहे. 'स्थूल' मधून घसारा वजा केला की 'निव्वळ'. 'बाजारभावा'तून निव्वळ अप्रत्यक्ष कर, म्हणजे अप्रत्यक्ष कर वजा अनुदानं, काढले की 'घटक किंमत'. 'देशांतर्गत' मध्ये परदेशातून मिळणारं निव्वळ घटक उत्पन्न मिळवलं की 'राष्ट्रीय'. तिन्ही बदल एकमेकांपासून स्वतंत्र आहेत, कुठल्याही क्रमाने करा. घटक किंमतीला निव्वळ राष्ट्रीय उत्पादन, हेच 'राष्ट्रीय उत्पन्न'.

जानेवारी 2015 पासून सरकार ठळक आकडा म्हणून बाजारभावाचा जीडीपी देतं आणि त्याच्या सोबतीला मूळ किंमतींना स्थूल मूल्यवृद्धी. जुन्या पुस्तकातला घटक किंमतीचा जीडीपी आजच्या पत्रकात मिळत नाही, यावर वेळ घालवू नका.

## 7. राष्ट्रीय उत्पन्नातून माणसाच्या हातात

इथून पुढे प्रश्न बदलतो. आतापर्यंत आपण 'कमावलं किती' विचारत होतो, आता 'मिळालं किती' विचारायचं आहे. कमावलेलं सगळं माणसांच्या हातात येत नाही, आणि हातात येणारं सगळं त्या वर्षी कमावलेलं नसतं.

एक छोटा देश घेऊ, आकडे पुन्हा काल्पनिक, हजार कोटींत. जीडीपी बाजारभावाला 1000, घसारा 100, निव्वळ अप्रत्यक्ष कर 90. म्हणजे घटक किंमतीला निव्वळ देशांतर्गत उत्पादन 810.

आता एकेक ओळ उतरा:

810 मधून सरकारी खात्यांना मालमत्ता आणि उद्योगांतून मिळालेलं उत्पन्न 15 काढा, आणि सरकारी कंपन्या-महामंडळांनी राखून ठेवलेली बचत 10 काढा. राहिले 785. हे खाजगी क्षेत्राच्या वाट्याला आलेलं देशांतर्गत उत्पन्न.

त्यात परदेशातून मिळणारं निव्वळ घटक उत्पन्न मिळवा. ते उणे 12 आहे, म्हणून 773.

आता हस्तांतरणं येतात. सरकारी कर्जावर नागरिकांना मिळणारं व्याज 45, पेन्शन-शिष्यवृत्ती यांसारखी सरकारकडून मिळणारी हस्तांतरणं 20 आणि परदेशातून आलेली निव्वळ हस्तांतरणं 34. एकूण 872. याला 'खाजगी उत्पन्न' म्हणतात.

दुबईच्या मुलाची पाठवणी त्या शेवटच्या 34 मध्ये आहे. चौथ्या पायरीत ती वगळली होती ती कायमची नाही, तिची जागा इथे होती. जीडीपीत नाही, जीएनपीत नाही, राष्ट्रीय उत्पन्नात नाही, पण आईच्या खर्चयोग्य उत्पन्नात आहे. ज्यांनी ती आधी घटक उत्पन्नात घातली त्यांच्याकडे इथे ती दुसऱ्यांदा जोडली जाते, आणि उत्तर नेमकं तेवढ्याच रकमेने जास्त येतं. तुमचं उत्तर पुस्तकातल्या उत्तरापेक्षा बरोबर पाठवणीएवढं जास्त असेल, तर चूक कुठे आहे हे शोधायला दोन मिनिटं पुरतात.

सरकारी कर्जावरच्या व्याजाला हस्तांतरण का म्हणायचं, हा रास्त प्रश्न आहे. आपल्या पाठ्यपुस्तकांची धारणा अशी की सरकार ते कर्ज मुख्यतः चालू खर्चासाठी घेतं, उत्पादनासाठी नाही, म्हणून व्याज हे उत्पादनाचं मोल ठरत नाही. धारणा वादग्रस्त आहे हे मान्य, पण परीक्षेत तिच्याशी भांडू नका.

872 मधून खाजगी कंपन्यांचा न वाटलेला नफा 52 आणि कंपनी कर 30 काढा. उरले 790. हे 'वैयक्तिक उत्पन्न'. कंपनी म्हणजे व्यक्ती नव्हे, एवढाच या वजाबाकीचा अर्थ.

790 मधून व्यक्तींनी भरलेले प्रत्यक्ष कर 38 आणि सरकारी खात्यांना भरलेली फी-दंड 2 काढा. राहिले 750. हे 'खर्चयोग्य वैयक्तिक उत्पन्न'. व्हेरायटी चौकात सिग्नल तोडल्याचं चलान त्या 2 मध्ये आलं. या 750 चे दोनच उपयोग: उपभोग आणि बचत. प्रश्नात उपभोग 600 दिला असेल तर बचत 150.

काही पुस्तकांत थोडा वेगळा मार्ग दिलेला असतो: राष्ट्रीय उत्पन्नापासून सुरुवात, मग न वाटलेला नफा, कंपनी कर आणि कुटुंबांनी भरलेलं निव्वळ व्याज वजा, हस्तांतरणं अधिक. अमेरिकी पुस्तकांत सामाजिक सुरक्षेचे हप्तेही वैयक्तिक उत्पन्नाआधीच वजा होतात. तुमच्या अभ्यासक्रमाचा मार्ग एक निवडा आणि दोन मार्गांच्या ओळी एकमेकांत मिसळू नका.

### पगाराच्या पावतीशी गल्लत

'हातात येणारा पगार म्हणजेच खर्चयोग्य उत्पन्न' हा समज इतका पक्का असतो की तो पावती समोर ठेवूनच मोडावा लागतो. समजा पावतीवर एकूण पगार 1,20,000 आहे. कपाती अशा: भविष्य निर्वाह निधी 8,000, प्राप्तिकर 7,300, व्यवसाय कर 200, पतसंस्थेचा हप्ता 15,000. खात्यात जमा 89,500.

खर्चयोग्य उत्पन्न मात्र 89,500 नाही. भविष्य निर्वाह निधी ही त्या माणसाचीच बचत आहे. पतसंस्थेचा हप्ता त्याने स्वतः केलेल्या व्यवहाराचा आहे, सरकारने सक्तीने नेलेला नाही. वजा फक्त प्राप्तिकर करायचा, म्हणून 1,12,700. (काटेकोर लेख्यांत मालकाने भरलेला निधीचा वाटाही कर्मचाऱ्याच्या मोबदल्यात आधी मिळवतात. इथे तो सोडून दिला आहे.)

तो 200 रुपयांचा व्यवसाय कर हा एक गमतीचा मामला आहे. महाराष्ट्रात तो दरमहा 200 आणि फेब्रुवारीत 300, असा वर्षाला 2,500 कापला जातो. पगारातून जातो म्हणजे प्रत्यक्ष कर, असंच कोणालाही वाटेल. पण केंद्राच्या सांख्यिकी मंत्रालयाने दिलेल्या व्याख्येत तो जमीन महसूल आणि मुद्रांक शुल्कासोबत 'उत्पादन करा'त बसतो. म्हणून मी तो वजा केला नाही. परीक्षेत तो 'वैयक्तिक कर' म्हणून दिला असेल तर मुकाट्याने वजा करा.

आणि जीएसटी? दुकानात भरलेला जीएसटी या आकड्यातून वजा होत नाही. तो अप्रत्यक्ष कर, सहाव्या पायरीतच निघून गेला. खर्चयोग्य उत्पन्न खर्च करताना तो किमतीत मिसळून तुम्ही भरता.

## 8. खरे आकडे कुठे बघायचे, आणि नागपूरचा आकडा कसा वाचायचा

सांख्यिकी कार्यालयाच्या पत्रकात चालू किमतींचा आणि स्थिर किमतींचा असे दोन तक्ते असतात. जीडीपी एका तक्त्यातून आणि जीएनआय दुसऱ्यातून घेऊन वजाबाकी केली, तर येणारा आकडा निव्वळ घटक उत्पन्न नसतोच. दोन्ही ओळी एकाच तक्त्यातल्या, एकाच वर्षाच्या घ्या. रिझर्व्ह बँकेचा तक्ता डॉलर आणि रुपये अशा दोन्हीत मिळतो, तिथेही हीच काळजी. पत्रकात आगाऊ अंदाज, हंगामी अंदाज आणि सुधारित अंदाज असे टप्पे येतात, त्यामुळे दोन ठिकाणी एकाच वर्षाचे वेगळे आकडे दिसले तर आधी तारीख बघा.

बातमीत 'देशाचं दरडोई उत्पन्न' म्हणतात ते बहुधा दरडोई निव्वळ राष्ट्रीय उत्पन्न असतं: घसारा गेलेला, परदेशी देणी गेलेली. ते दरडोई जीडीपी नाही आणि दरडोई खर्चयोग्य उत्पन्न तर नाहीच.

आता राज्य आणि जिल्हा. महाराष्ट्राचं अर्थ व सांख्यिकी संचालनालय राज्याचं आणि जिल्ह्यांचं उत्पन्न काढतं, पण ते जागेच्या तत्त्वावर, म्हणजे जीडीपीच्या धर्तीवर. उत्पादन ज्या जिल्ह्यात झालं, तिथे ते धरलं जातं. रेल्वे, बँका, दूरसंचार अशा अनेक राज्यांत पसरलेल्या सेवांचं उत्पन्न काही निकष लावून वाटून देतात. राज्याच्या किंवा जिल्ह्याच्या सीमेवर येणाऱ्या-जाणाऱ्या घटक उत्पन्नाची नोंद कुठेच होत नाही, म्हणून 'नागपूर जिल्ह्याचा जीएनपी' असा आकडा मिळणार नाही.

याचा परिणाम असा. उमरेडच्या कोळसा खाणीतलं मूल्य जिल्ह्याच्या उत्पन्नात बसतं. खाण चालवणाऱ्या वेस्टर्न कोलफिल्ड्सचं मुख्यालयही नागपुरातच आहे, पण ती कोल इंडियाची उपकंपनी, त्यामुळे तिचा लाभांश जिल्ह्याबाहेर जातो आणि जिल्ह्याच्या आकड्यातून तो कोणी वजा करत नाही. बुटीबोरीतल्या बाहेरच्या मालकीच्या कारखान्याचा नफाही तसाच आत राहतो. उलट पुण्यात आयटीत असलेल्या मुलाने मानेवाड्यात आई-बाबांना पाठवलेले पैसे जिल्ह्याच्या उत्पन्नात कुठेही दिसत नाहीत, कारण त्याचं काम पुण्याच्या खात्यात मोजलं गेलं.

म्हणून एखाद्या उत्तरात 'नागपूर जिल्ह्याचं दरडोई उत्पन्न अमुक आहे, म्हणजे तिथल्या कुटुंबाला सरासरी तेवढं मिळतं' असं लिहिलेलं दिसलं, तर मी लाल शाईने तिथे 'उत्पादन' शब्द लिहितो आणि विद्यार्थ्याला सातव्या पायरीच्या ओळी पुन्हा उतरायला सांगतो: न वाटलेला नफा, कर, हस्तांतरणं, आणि जिल्ह्याबाहेर जाणारी ती देणी, ज्यांचा आकडा कोणाकडेच नाही.